ग्रिड सोडा, आधी सारख्या चढाच्या रेषा काढा: y' = y² − x चं दिशाक्षेत्र हाताने

प्रश्न: पुण्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. y' = y² − x ची डायरेक्शन फील्ड हाताने काढून ‘उकली कशा वागतात ते सांगा’ असं विचारलंय. ग्राफ पेपरवर शंभरेक बिंदू घेऊन छोट्या रेघा मारल्या, पण चित्र बघून काहीच ठामपणे सांगता येत नाही. समीकरण सुटतही नाही. नेमकं काय करायचं?

उत्तर:

रेघा आणखी वाढवून उपयोग होणार नाही, कारण अडचण क्रमाची आहे. बिंदू घ्यायचा, चढ काढायचा, रेघ मारायची ही संगणकाची पद्धत. तो हजारो बिंदू न थकता घेतो. हाताने काढताना प्रश्न उलटा विचारायचा: चढ 0 कुठे कुठे आहे? चढ 1 कुठे? −1 कुठे? म्हणजे सारख्या चढाच्या रेषा, ज्यांना आयसोक्लाइन म्हणतात, त्या आधी काढायच्या. मग प्रत्येक रेषेला एकच प्रश्न विचारायचा: उकली ही रेषा कोणत्या बाजूकडून कोणत्या बाजूकडे ओलांडतात? ठामपणा या दुसऱ्या प्रश्नातून येतो, रेघांच्या गर्दीतून नाही.

ही पद्धत किती सोपी जाईल ते समीकरणावर अवलंबून आहे. उजव्या बाजूला फक्त y असेल तर सारख्या चढाच्या रेषा आडव्या येतात आणि एका उभ्या रेषेवर चिन्हं मांडून काम भागतं. उजवी बाजू sin(xy) + x सारखी असेल तर या रेषा काढणं हेच मोठं काम होऊन बसतं, तिथे ग्रिडच बरी. तुमचं समीकरण मात्र या पद्धतीसाठी जणू मुद्दाम बेतलेलं आहे. ते सुटत नाही हेही तुमचं बरोबर आहे. या जातीची, म्हणजे रिकाटी प्रकारची, कोणती समीकरणं नेहमीच्या फलनांनी आणि संकलनाने सुटतात हे लिऊव्हिलने १८४१ मध्ये ठरवून दिलं, आणि y' = y² − x त्यांत बसत नाही. एअरी फलनं वापरून उत्तर लिहिता येतं, पण ते लिहून उकल कुठे जाते ते दिसत नाही. चित्रात दिसतं.

कागद आणि मोजमाप

A4 ग्राफ पेपर आडवा धरा. x ला −2 ते 6, y ला −3 ते 3, आणि दोन्ही अक्षांवर १ एककाला २ सेमी. दोन्हीकडे प्रमाण सारखंच ठेवा. बरीच चित्रं इथेच बिघडतात: y चं प्रमाण निम्मं केलं की चढ 1 ची रेघ ४५ अंशांची न राहता सुमारे २७ अंशांची होते, आणि मग हात सवयीने ४५ अंशच मारत राहतो.

सारख्या चढाची रेषा म्हणजे y² − x = c, म्हणजेच x = y² − c. सगळे पॅराबोला एकाच आकाराचे, उजवीकडे उघडणारे, फक्त c इतके डावीकडे सरकलेले. म्हणून एकच पॅराबोला नीट काढायचा: (0, 0), (0.25, ±0.5), (1, ±1), (2.25, ±1.5), (4, ±2), (6.25, ±2.5) हे बिंदू जाड कागदावर घ्या, वक्र जोडा, कापा. तो साचा आडव्या अक्षावर सरकवत c = 0, 1, 2, 4 आणि −1, −2, −4 या रेषा फिक्या पेन्सिलीने काढून घ्या. c = 0 ची रेषा थोडी गडद ठेवा. सगळं पुढे तिच्याभोवतीच घडतं.

मग रेघा. c = 1 च्या पॅराबोलावर सगळ्या रेघा ४५ अंशांच्या, c = 2 वर सुमारे ६३, c = 4 वर सुमारे ७६, आणि c ऋण असेल तिथे तेवढ्याच पण उतरत्या. प्रत्येक वेळी कोनमापक लावू नका. कागदाच्या कोपऱ्यात तो कोन एकदा काढा आणि कंपासपेटीतले दोन गुण्ये एकमेकांवर सरकवत समांतर रेघा मारा. रेघ ५ मिमीची, तिचा मध्य पॅराबोलावर, दोन रेघांमध्ये साधारण १ सेमी अंतर. लांबी सगळीकडे तेवढीच ठेवा. जास्त चढाच्या रेघा लांब काढल्या की डोळा तिकडेच ओढला जातो.

दोन चुका इथे हमखास होतात. पहिली: पॅराबोला वर-खाली सममित आहेत म्हणून चित्राचा वरचा भाग आरशासारखा खाली उतरवणे. (4, 1) वर चढ −3 आहे आणि (4, −1) वरही −3 च आहे. म्हणजे वरची आणि खालची रेघ एकमेकींना समांतर आहेत, एकमेकींची प्रतिबिंबं नाहीत. रेषा सममित आहेत, उकली नाहीत. तुमच्या कागदावर वरचं आणि खालचं चित्र सारखं दिसत असेल तर हेच झालंय.

दुसरी चूक जास्त मुळातली आहे: सारख्या चढाची रेषा हीच उकल समजून तिच्यावरून पेन्सिल फिरवणे. y = −√x वर चढ 0 आहे, म्हणजे तिथे पोचलेली उकल त्या क्षणी आडवी असते. पण y = −√x हा वक्र स्वतः आडवा नाही, तो खाली उतरतोय. म्हणून उकल त्याच्यावरून चालत नाही, त्याला छेदून जाते. कोणत्या बाजूला जाते, तेच आता पाहू.

ओलांडण्याची दिशा

(4, −2) हा बिंदू घ्या. उकल इथे आडवी आहे. थोडं उजवीकडे, x = 4.1 वर, ती अजून −2 च्याच आसपास आहे, पण पॅराबोलाची खालची फांदी −2.025 वर उतरलेली आहे. म्हणजे उकल पॅराबोलाच्या वर, त्याच्या पोटात शिरली. आता (4, 2) घ्या. उकल आडवी, 2 च्या आसपास, आणि वरची फांदी 2.025 वर चढलेली. उकल फांदीच्या खाली, म्हणजे पुन्हा पोटातच. हे फक्त या दोन बिंदूंचं नाही. खालची फांदी सगळीकडे उतरती आणि वरची सगळीकडे चढती असल्याने डावीकडून उजवीकडे जाताना उकल x = y² ओलांडते ती नेहमी आतच, बाहेर कधीच नाही. एकदा आत गेलेली उकल कायमची आत राहते.

याची एक झटपट तपासणी आहे आणि मी ती प्रत्येक चित्राला लावतो. समीकरणाचं पुन्हा विकलन केलं की y'' = 2y·y' − 1. जिथे y' = 0 तिथे y'' = −1. म्हणजे उकलीला कुठेही सपाट जागा आलीच तर ती टेकडीच असते, दरी कधीच नाही. तुम्ही काढलेल्या एखाद्या वक्राला खोलगट तळ असेल तर तो वक्र चुकलेला आहे, बाकी काही बघायची गरज नाही.

आत गेलेल्या उकलीचं पुढे काय होतं? c = −1 ची रेषा x = y² + 1 बघा. तिच्याही आत चढ −1 पेक्षा कमी आहे, म्हणजे x एक एकक पुढे गेला की y किमान एक एककाने खाली येतो. खालची फांदी मात्र जेमतेम उतरतेय. म्हणून उकल खाली येऊन c = −1 च्या खालच्या फांदीला, y = −√(x−1) ला, गाठणारच. ती ओलांडताना उकलीचा चढ −1, आणि त्या फांदीचा स्वतःचा चढ −1/(2√(x−1)). x = 1.25 च्या पुढे फांदीचा उतार उकलीपेक्षा सौम्य आहे, म्हणून उकल फांदीच्या खाली जाते आणि परत वर येऊ शकत नाही.

आता खालून y = −√x, वरून y = −√(x−1), आणि दोन्ही भिंती उकलीला आतच ढकलतात. हे एक नरसाळं झालं, आणि त्याचं तोंड अरुंद होत जातं: x = 4 वर दोन भिंतींमधलं अंतर 0.268, x = 9 वर 0.172, x = 100 वर 0.05. आत शिरलेली प्रत्येक उकल, सुरुवात कुठूनही असो, शेवटी −√x ला चिकटते. पॅराबोलाच्या खालून येणाऱ्या उकलीही तिथेच येतात: तिथे चढ धन आहे, उकल वर चढतेय, फांदी खाली येतेय, गाठ पडतेच.

किती जवळ चिकटते तेही हातानेच निघतं. उकल फांदीच्या δ इतकी वर आहे समजा. तिथे y² − x साधारण −2√x·δ होतं. उकल फांदीच्या सोबतीने उतरायची तर हा चढ −1/(2√x) असायला हवा. म्हणून δ ≈ 1/(4x). x = 4 वर 0.0625, म्हणजे तुमच्या कागदावर सव्वा मिलिमीटर. उकल फांदीवर टेकलेली काढू नका. थोडी वर, समांतर जाणारी आणि हळूहळू जवळ येणारी काढा. एवढा फरक पेन्सिलीने दाखवता येतो.

वरच्या फांदीजवळ

वर नेमकं उलट घडतं. y = √x वर उकली खाली, आत जातात. c = 1 ची वरची फांदी y = √(x+1) बघा: उकलीचा चढ 1, फांदीचा चढ 1/(2√(x+1)), जो x = −0.75 च्या पुढे 1 पेक्षा कमी. म्हणून तिथे उकली वर निसटतात. या दोन फांद्यांमधली पट्टी पुढे पुढे अरुंद होतेय आणि दोन्ही भिंतींतून उकली बाहेर पडतायत. तरीही एक उकल पट्टीत कायम राहते, आणि एकच. दोन राहिल्या असत्या तर? त्यांच्यातल्या अंतराचा वाढीचा दर, अंतराच्या पटीत, y₁ + y₂ इतका असतो, आणि पट्टीत तो 2√x पेक्षा मोठा. अंतर वाढत जाणार आणि पट्टी अरुंद होत जाणार, हे एकत्र टिकत नाही.

ही एकटी उकल म्हणजे संपूर्ण चित्राची सीमा आहे. तिच्या खालून सुटलेल्या उकली −√x कडे कोसळतात, वरून सुटलेल्या आकाशात जातात. x = 0 वर ती पट्टीत, म्हणजे 0 आणि 1 च्या मध्ये कुठेतरी आहे. याहून बारीक हवं असेल तर पुढे जाऊन शोधू नका. x = 0 वरची छोटी चूक x = 4 पर्यंत चाळीस हजार पटींहून जास्त वाढते, म्हणून पेन्सिल कितीही सांभाळली तरी वक्र वर किंवा खाली पळतोच. मागे या. उजवीकडून डावीकडे येताना तीच चूक तेवढ्याच पटीत आटते.

प्रत्यक्ष करून बघा. x = 4 वर पट्टी 2 ते 2.236 आहे. तिच्यातला कोणताही y घ्या, चढ काढा, आणि ०.५ ची पायरी मागे टाका: नवा y = जुना y − 0.5·(y² − x). एकदा 2.1 पासून, एकदा थेट कडेवरच्या 2.0 पासून:

| x | 2.1 पासून | 2.0 पासून |
|---|---|---|
| 4 | 2.100 | 2.000 |
| 3.5 | 1.895 | 2.000 |
| 3 | 1.850 | 1.750 |
| 2.5 | 1.639 | 1.719 |
| 2 | 1.546 | 1.492 |
| 1.5 | 1.351 | 1.379 |
| 1 | 1.188 | 1.178 |
| 0.5 | 0.982 | 0.984 |
| 0 | 0.750 | 0.750 |

सुरुवात वेगळी, शेवट एकच. एअरी फलनांवरून येणारी अचूक किंमत 0.729 आहे, म्हणजे आठ पायऱ्यांत कागदावरची चूक अर्ध्या मिलिमीटरच्या आत. उरलेली चूक पायरीच्या लांबीची आहे, सुरुवातीच्या अंदाजाची नाही. पायरी ०.२५ घेतली की ती साधारण निम्मी होते. पायरी ०.५ पेक्षा मोठी मात्र घेऊ नका. x = 4 जवळ y साधारण 2 असताना आकडे सीमेच्या वर-खाली उड्या मारायला लागतात. दुसऱ्या रकान्यातल्या पहिल्या तीन ओळींत त्याची सुरुवात दिसतेच.

आता y(0) कितीही दिला तरी उत्तर तयार आहे. 0.729 पेक्षा कमी असेल तर उकल एक टेकडी करून, किंवा y(0) ऋण असेल तर आधी थोडी चढून, −√x ला चिकटेल. जास्त असेल तर वर निघून जाईल.

वर जाणारी उकल कुठवर जाते

इथे चित्राची मर्यादा येते आणि ती मान्य करायला हवी. एखादा वक्र झपाट्याने वाढतोय की ठराविक x लाच अनंताकडे फुटतोय, हे नुसत्या रेघांवरून कळत नाही. y' = y आणि y' = y² ही दोन्ही चित्रं कागदाच्या वरच्या कडेला सारखीच उभी दिसतात, पण पहिली उकल सगळ्या x साठी चालते आणि दुसरी मधेच संपते. त्यासाठी एका असमानतेची जोड द्यावी लागते.

y(0) = 1 घ्या. हा बिंदू c = 1 च्या फांदीवर आहे, उकल तिच्या वर निघते, आणि तिथे चढ 1 पेक्षा जास्त आहे. म्हणून y ≥ 1 + x, आणि x = 1 पर्यंत (तोवर उकल टिकली तर) y किमान 2 झालेला असेल. आता x 1 ते 2 मध्ये असताना आणि y ≥ 2 असताना y²/2 ≥ 2 ≥ x, म्हणून y² − x ≥ y²/2. y' = y²/2 ही उकल 2 पासून सुटली की बरोबर १ एककात अनंताला जाते. आपली तिच्याहून वेगवान. म्हणजे y(0) = 1 ची उकल x = 2 च्या आधी फुटणारच. प्रत्यक्षात ती साधारण x = 1.1 ला फुटते. चित्रात तिथे तुटक उभी रेष काढा आणि वक्र तिला लगटून वर न्या, तिच्यापलीकडे नाही.

डावीकडेही अशीच गोष्ट आहे. x ऋण असेल तिथे चढ y² + |x|, सगळीकडे धन. मागे मागे जाताना प्रत्येक उकल खाली कोसळते आणि ठराविक x लाच −∞ ला जाते. मधली सीमेची उकलही याला अपवाद नाही, ती x ≈ −2.34 ला तुटते. म्हणून डाव्या कडेला वक्र आडवे पसरवत नेऊ नका.

चित्र पुरं झालं की एक शेवटची नजर टाका: दोन उकली कुठे छेदतायत किंवा चिकटतायत का? y² − x हे फलन सगळीकडे गुळगुळीत आहे, म्हणून एका बिंदूतून एकच उकल जाते. नरसाळ्यात उकली एकमेकींच्या इतक्या जवळ येतात की पेन्सिलीच्या जाडीत एक झाल्यासारख्या दिसतात. तिथे दोनतीनच वक्र न्या आणि बाकीचे आधीच थांबवा. y' = 3y^(2/3) सारख्या समीकरणात मात्र y = 0 वर उकली खरोखर एकमेकींना मिळतात, तिथे हा नियम लावू नका.

परीक्षेत सगळा साचा कापत बसायला वेळ नसतो. तिथे c = 0, 1, −1 या तीनच रेषा, प्रत्येकीवर पाचसहा रेघा, ओलांडण्याची दिशा दाखवणारे बाण, आणि तीन उकली एवढं काढा: एक खाली जाणारी, एक फुटणारी, मधली सीमेची तुटक. प्रत्येकीशेजारी कारणाचं एक वाक्य लिहा, ‘x = y² वर उकल आडवी, फांदी उतरती, म्हणून आत’ अशा धर्तीवर. नव्वद रेघांपेक्षा त्या वाक्याला जास्त अर्थ आहे.

सरावाला y' = x − y² घ्या. अप्पा बळवंत चौकात ग्राफ पेपर घ्यायला जाल तेव्हा एक ट्रेसिंग पेपरही आणा. आधी ते समीकरण वरच्याच पद्धतीने स्वतंत्र काढा: कोणती फांदी आता उकली ओढून घेते आणि कोणती दूर लोटते ते ओलांडण्याच्या दिशेवरून ठरवा. मग आजचं चित्र ट्रेसिंगवर उतरवून आडव्या अक्षाभोवती उलटं करा आणि नव्या चित्रावर ठेवा. y च्या जागी −y घातलं की एक समीकरण दुसऱ्यात बदलतं, म्हणून रेघ न् रेघ जुळली पाहिजे. जिथे जुळत नाही, तिथे दोनपैकी एका कागदावर चढाचं चिन्ह चुकलंय.